करून घ्यावीत

चौकट सिस्टरचं नाक डावीकडे झुकलेलं आहे. त्यावर दवाखान्याच्या आवारात तीन कथा चालतात. पहिली अशी की नवऱ्याने लाटणं फेकून मारलं. ही कथा शेजारणीने सोडलेली, आणि शेजारीण त्या नवऱ्याला अजिबात ओळखत नाही हे तिथेच उघड होतं. तो गृहस्थ लाटणं सोडाच, शब्दसुद्धा जपून टाकतो. दुसरी कथा स्कूटरवरून पडल्याची. ती सिस्टर स्वतः सांगते, पण फक्त ज्यांच्याशी पुढे बोलायचं नसतं त्यांना. तिसरी खरी आहे, त्यामुळे अर्थातच तिला गिऱ्हाईक नाही.

बाई त्रेपन्न वर्षांची, सरकारी दवाखान्याच्या मनोविकार विभागात घरभेटीची नर्स. आवाज असा की रुग्णाच्या घरी जाऊन ती कुजबुजली तरी पलीकडच्या घरातले लोक "बरं सिस्टर" म्हणतात. चौकट हे नाव पडलं कारण तिला कुठलीही गोष्ट पट्टीने आखलेल्या चौकटीत घातल्याशिवाय चैन पडत नाही. तिच्या घरी फ्रीजवर असाच एक तक्ता असून त्यात नवऱ्यासाठी "कुशीवर झोपणे" असा रकाना आहे, असं ऐकिवात आहे. नवऱ्याला विचारलं तर तो हसतो, म्हणजे असणारच.

तर अशी ही बाई एका सकाळी जुन्या गाड्या फोडण्याच्या आवारात गेली.

ते आवार दोघा भावांचं. फाटकातून आत शिरलं की डावीकडे मेलेल्या गाड्यांची रास, उजवीकडे ती गाडी पापडासारखी चपटी करणारी प्रेस, मध्ये तेलाने काळी पडलेली जमीन आणि त्या जमिनीत कायमची रुतलेली फुटक्या काचांची रेती. घर मागच्या भिंतीला लागून. दिवसभर घण, छिन्नी, गॅस कटर आणि थोरल्याच्या शिव्या. दोघे भाऊ एकमेकांशी बोलत तेही तसंच. एकाने पाना फेकायचा, दुसऱ्याने तो झेलायचा. नाही झेलला तर लागायचा, आणि मग दोघांनी हसायचं. कामाची वाटणी मात्र पक्की होती. धाकटा हाताचा राजा: ट्रक समोर उभा केला की संध्याकाळपर्यंत त्याचा नुसता सांगाडा उरायचा. थोरला तोंडाचा राजा. त्याचं काम एकच, माणसांकडून काम करून घेणं. सगळे त्याला म्हणायचेच तसं, "दादा स्वतः काही करत नाही, दादा करून घेतो." हा टोमणा होता की कौतुक, ते कधीच ठरलं नाही.

मग दोन महिन्यांत धाकटा विझला. आधी हातातला घण खाली ठेवला, मग खाणं सोडलं, मग अंथरूण धरलं. पहाटे तीनला टक्क जागा, दिवसभर मात्र भिंतीकडे तोंड करून पडलेला. सात किलो वजन गेलं. बायकोने त्याला दवाखान्यात ओढून आणलं. डॉक्टर म्हणाले, तीव्र नैराश्य आहे. गोळ्या सुरू केल्या, फरक पडायला काही आठवडे लागतील असं बजावलं, आणि थेट विचारलं, "मरावंसं वाटतं का?" धाकटा म्हणाला, "सकाळी जाग नाही आली तर बरं, असं वाटतं." तसं काही करायचं ठरवलं नव्हतं, घरात सोबत होती, बायकोने गोळ्या आपल्या ताब्यात ठेवायचं कबूल केलं. म्हणून घरीच ठेवून सिस्टरच्या हवाली केलं.

सिस्टरने त्या घरच्या टेबलावर पट्टी काढली आणि योजना आखली. झोप, खाणं, हालचाल. तीन रकाने, सात दिवस, एकवीस चौकटी. धाकटा समोर बसला होता, पण प्रश्न त्याला विचारला की उत्तर थोरला द्यायचा.

"किती चालू शकाल?"

"पूर्वी दिवसभर उभा असायचा हा. वीस मिनिटं म्हणजे काय, सहज!"

तिने वीस लिहिलं. इथे ती पहिली चुकली. अशा माणसासाठी आकडा पूर्वीच्या ताकदीवरून नाही, आजच्या ताकदीवरून काढायचा असतो. हे ती नव्या नर्सेसना गेली सोळा वर्षं शिकवत आली होती. पण थोरल्याचा आवाज तिच्याहून मोठा निघाला, आणि तसं आयुष्यात प्रथमच घडल्यामुळे ती जराशी भांबावली.

झोपेच्या रकान्यात लिहिलं: साडेसहाला उठणे, दुपारी अर्ध्या तासाच्या वर नाही, अंथरुणात फक्त झोप. खाण्याच्या रकान्यात: पाच वेळा थोडं थोडं खाऊन घ्यावे, दुपारनंतर चहा नको. हालचालीत: दाढी-अंघोळ, वीस मिनिटं चालून घ्यावे. कागद संपत आला होता. तळाशी बोटभर जागा उरली तिथे बारीक अक्षरात शेवटची ओळ कोंबली: "रोजची उद्दिष्टं वेळेवर करून घ्यावीत."

धाकट्याने ती आपली आपण करून घ्यावीत, असं तिच्या मनात होतं. कागदावर मात्र कोणी, ते नव्हतं. आणि टेबलाच्या त्या बाजूला जो माणूस वाचत होता, त्याने उभा जन्म करून घेण्यातच घालवला होता.

पहिल्या आठवड्यानंतर ती आली तेव्हा एकवीसच्या एकवीस चौकटींत बरोबरच्या खुणा. लाल शाईने. थोरल्याने कागद तिच्यापुढे असा आपटला जणू शर्यतीचा चषक.

"बघा! एकही राहिली नाही."

सिस्टरने चौकटी पुन्हा एकदा मोजल्या. सोळा वर्षांत एकाही रुग्णाने सगळ्या चौकटी भरल्या नव्हत्या. ती स्वतःच्या वजनाच्या तक्त्यावर निम्म्याहून जास्त फुल्या मारत असे. तिने वजनकाटा काढला. धाकटा आणखी एक किलो उतरला होता. पाच वेळा खाऊन उतरला? इतका उकाडा, आणि सदऱ्याच्या बाह्या मनगटापर्यंत.

"बाह्या वर करा जरा, रक्तदाब बघते."

"रक्तदाब नंतर," थोरला म्हणाला. "त्याची अंघोळीची वेळ झाली."

"दोन मिनिटं लागतील."

"नंतर म्हटलं ना, बाई."

धाकटा उठून निघूनही गेला, घंटा वाजल्यावर वर्गाबाहेर पडावं तसा. बायको भिंतीशी उभी होती. तिची नजर जमिनीवरून हलली नाही. सिस्टरने तिच्याकडे दारापर्यंत सोबत मागितली, तर थोरलाच सोबतीला आला. फाटकाबाहेर पडताच तिने डॉक्टरांना फोन लावला: घरात मारहाण असावी, उद्या न कळवता जाते. डॉक्टर म्हणाले, एकटी जाऊ नका. ती "हो" म्हणाली आणि एकटीच गेली. तिला विचाराल तर म्हणेल, जीप मिळाली नाही. खरी गोष्ट अशी की तिला दम निघत नव्हता.

दुसऱ्या दिवशी पावणेसातला ती फाटकातून आत आली, तर आवारात माणूस हाकला जात होता.

धाकटा अनवाणी, डोक्यापासून भिजलेला. बादली बाजूलाच लवंडलेली. मानेमागे थोरल्याची मूठ. थोरल्याच्या दुसऱ्या हातात गाडीच्या पंख्याचा रबरी पट्टा, आणि तो प्रत्येक दहा पावलांनी पोटऱ्यांवर सपकन उतरत होता. तळव्यांत काचा शिरल्या होत्या; काळ्या जमिनीवर ओले लाल ठसे ओळीने पडत चालले होते. वर थोरला घड्याळ बघत ओरडत होता, "बारा झाली! आठ राहिली! चाल!"

घराच्या पायरीवर बायको, हातात उकडलेल्या अंड्यांची बशी. धाकट्याच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांवर जुन्या जखमा होत्या. जबडा धरून, दातांमधून बोटं घालून रोजची पाच खाणी कशी "करून घेतली" गेली, ते सिस्टरला त्या क्षणी न विचारता कळलं.

"सोडा त्याला!"

हा आवाज त्या आवाराने यापूर्वी कधी ऐकला नव्हता. रासेवरचे कावळे उडाले. पण थोरल्याने पट्टा टाकून मूठ उगारली होती, बरगडीत घालायला, आणि सिस्टर मध्ये शिरली. मूठ तिच्या नाकावर बसली. काडी मोडल्यासारखा आवाज आला. पांढऱ्या कोटावर रक्ताची धार लागली आणि ती गुडघ्यांवर आली.

मग त्या घरात दोन महिने जे तोंडातून फुटलं नव्हतं ते हातातून फुटलं. बायकोने बशी भिरकावली, टायर उचकटायची लोखंडी टॉमी उचलली आणि थोरल्याच्या खांद्यावर अशी हाणली की तो भिंतीसारखा खाली बसला. हाड गेलं. तिने पुन्हा टॉमी उचलली, आता डोक्याच्या रोखाने.

सिस्टरने गुडघ्यांवरूनच तिचं मनगट पकडलं. "बाई, दुसरा घाव नको. एकाच भेटीत तीन केसपेपर मी लिहायचे कधी?"

बायकोच्या हातातून टॉमी गळली आणि ती मोठ्याने रडायला लागली. थोरला खांदा धरून विव्हळत होता. आणि या सगळ्या कल्लोळात धाकटा जिथे सोडला तिथेच उभा होता. त्याने डोळ्यांवरचं पाणीही पुसलं नव्हतं. तो शांतपणे म्हणाला,

"चालू का पुढे? आठ राहिलीत."

सिस्टरने आजवर वॉर्डात चावे खाल्ले आहेत, थुंकी झेलली आहे, एकदा तर पाणी म्हणून फिनेल प्यायलेल्याला ती मांडीवर घेऊन बसली आहे. पण नाकाचं हाड मोडलं तेव्हा नाही, ती या वाक्याने मोडली.

दवाखान्याची गाडी येईपर्यंत थोरल्याशी जे बोलणं झालं ते असं:

"मला कशाला डोळे वटारता?" तो एका हाताने खिशातून कागद काढत म्हणाला. "तुम्हीच लिहिलंय. हे बघा. करून घ्यावीत. मी करून घेतली."

"त्याने करून घ्यावीत, असं होतं ते!"

"मग 'त्याने' कुठाय? दाखवा ना. शोधा."

तिने शोधलं. नाकावर रुमाल दाबून, एका डोळ्याने, खरोखर शोधलं. नव्हतं.

"आणि पट्टा? पट्टा कुठे लिहिला होता मी?"

"तो लिहायला लागतो होय? आमच्या बापाने आम्हाला रोज पट्ट्यानेच उठवलं. बिघडलो का?"

सिस्टरने आधी त्याच्या लोंबत्या खांद्याकडे, मग त्याच्या भावाच्या पायांकडे पाहिलं.

मग तिने सगळ्यांना बाहेर ठेवून धाकट्याला आत खाटेवर बसवलं. पायातल्या काचा काढता काढता सरळ विचारलं, "जिवाचं काही करावं असं मनात येतं का? खरं सांगा, मी रागावणार नाही. माझं नाक बघा, आता रागावलं तर जास्तच दुखेल."

तो म्हणाला, "परवा प्रेसच्या खाली जाऊन बसलो होतो. बटण बाहेरच्या बाजूला असतं. म्हटलं दादाला सांगावं, एवढं पण करून घे."

"सांगितलंत?"

"हाकच निघाली नाही तोंडातून."

त्यानंतर घरी ठेवण्याचा प्रश्न नव्हता. आठवड्यापूर्वी नुसतं न उठण्याचं स्वप्न होतं, आता जागा ठरली होती, साधन ठरलं होतं. तिने त्याला एक क्षण एकटं सोडलं नाही. गाडीतही त्याच्या बाहीचं टोक धरून बसली. डॉक्टरांनी त्याच सकाळी भरती करून घेतलं. तो स्वतः "हो" म्हणाला, बायको सोबत राहिली. थोरला खाली हाडांच्या वॉर्डात, आणि त्याच्या खाटेशी पोलीस.

पोलिसाने विचारलं, "सिस्टरना मारायचं होतं का तुम्हाला?"

"नाही हो, मारायचं भावाला होतं."

"असं लिहू?"

"लिहा की. खरं तेच आहे."

पोलिसाने पेन खाली ठेवून दोन मिनिटं छताकडे पाहिलं म्हणतात. गुन्हा भावाला मारण्याचाही नोंदला गेला. थोरल्याला त्या घरात पाऊल टाकायची बंदी झाली; तो फाटकाजवळच्या वजनकाट्याच्या खोलीत झोपायला गेला. प्रेसच्या बटणाच्या पेटीला कुलूप लागलं आणि किल्ली बायकोच्या कमरेला.

इकडे मेट्रनबाईंनी सिस्टरचा अहवाल वाचला. अहवालाला तो एकवीस चौकटींचा कागद टाचलेला, आणि तळच्या ओळीखाली सिस्टरने स्वतःच लाल रेघ मारलेली.

"हा कशाला जोडलास? मार खाल्लास ते पुरे नाही? हे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा."

"पाय त्याचे फाटलेत, बाई. माझे शाबूत आहेत."

तिला लेखी ताकीद मिळाली. ती तिने फ्रीजवर लावली, असं ऐकिवात आहे.

दोन आठवड्यांनी घरी जायच्या आधी नवी योजना झाली, वॉर्डातल्या खिडकीशी. डॉक्टरांनी सांगून ठेवलं होतं की आता अंगात थोडी शक्ती येईल, मन मात्र मागे राहील, आणि हेच दिवस जास्त सांभाळायचे. या खेपेला पट्टी सिस्टरने धाकट्याच्या हातात दिली. त्याने एक वाकडी रेघ ओढली. तिने आपले हात पाठीमागे धरले.

"काय जमेल?"

ती थांबली. बायको उत्तर द्यायला पुढे झाली तर सिस्टरने तिच्या पायावर पाय दिला.

"दारापर्यंत," तो म्हणाला.

"फाटकाच्या?"

"खोलीच्या."

"बरं. लिहा. कोणी?"

"मी."

खाणं: अर्धं केळं, दुधाचा अर्धा पेला, हवं तेव्हा अंडं, भरवायचं कोणी नाही, बायकोने फक्त शेजारी बसून स्वतःचं खायचं. उठायची वेळ रोज एकच, हाक एकच, मग खिडकी उघडायची. झोप आली नाही तर अंथरुणात तळमळत पडायचं नाही, उठून खुर्चीत बसायचं. वजन दर सोमवारी, त्याच काट्यावर. प्रत्येक चौकटीत करणाऱ्याचं नाव. आणि तळाशी, बोटभर नाही, चांगली वीतभर जागा सोडून: "जमलं नाही तर उद्दिष्ट निम्मं करायचं. माणूस निम्मा करायचा नाही."

थोरल्यासाठी वेगळा कागद झाला. त्यात दोनच चौकटी. भेट आठवड्यातून एकदा, सिस्टरसमोर, धाकट्याने हो म्हटलं तरच. भेटीत हात खिशात आणि तोंडात एकच शब्द: "बरं."

"हे काय काम झालं?" तो म्हणाला.

"करून बघा. तुमच्याच्याने होत नाही, असं माझं मत आहे."

पहिल्या दोन भेटींना धाकट्याने नाही म्हटलं. सिस्टरने ते चौकटीत लिहून घेतलं. त्या माणसाने तीन महिन्यांत कशालाच नाही म्हटलं नव्हतं. तिसऱ्या सोमवारी तो म्हणाला, "येऊ दे."

तोवर तो खोलीच्या दारातून पायरीवर आला होता. वजन सव्वा किलो वाढलं होतं. पहाटे तीनची जाग पाचवर सरकली होती, पण एखादा दिवस असा यायचा की पुन्हा भिंत. त्या सोमवारी त्याने ठरवलेलं अंतर होतं पायरीपासून फोडायला घेतलेल्या निळ्या गाडीपर्यंत, चाळीस पावलं. पायात बूट. सिस्टर बाजूला, बायको पायरीवर, आणि तीन पावलं मागे थोरला, एक हात गळ्यातल्या झोळीत, दुसरा खिशात. त्या खिशात मूठ वळलेली होती, कापडावरून दिसत होती.

विसाव्या पावलावर धाकटा थांबला. "बास. आज एवढंच."

थोरल्याच्या मानेच्या शिरा तटतटल्या. ओठ उघडले, मिटले. "ब..." एवढंच निघालं. मग खिशातला हात बाहेर आला. सिस्टर झटकन दोघांच्या मध्ये झाली, मोडक्या नाकासकट. पण तो भावाकडे वळलाच नाही. त्याने निळ्या गाडीला टेकवलेला घण एका हाताने उचलला आणि दारावर घातला. पुन्हा घातला. काच फुटली, पत्रा आत गेला, आरसा उडून पिंपावर आदळला. तो रडत होता की ओरडत होता, कळत नव्हतं, प्रत्येक घावाबरोबर तोच शब्द, "बरं! बरं! बरं!"

बायको टॉमीकडे बघायला लागली. सिस्टरने धाकट्याच्या बाहीचं टोक पकडलं.

धाकटा त्या दाराकडे बघत होता. कपाळाला आठी पडली होती. साऱ्या घरादाराला तीन महिने जी बघायला मिळाली नव्हती, ती चांगली ठसठशीत, तिरसट आठी.

"दादा," तो म्हणाला. "बिजागरं आधी काढ ना. अख्खं दार वाया घालवलंस, गाढवा."

घण हवेतच थांबला. थोरला धापा टाकत वळला. घाम, नाकातलं पाणी, काचेची कुसळं, सगळं तोंडावर एकत्र झालं होतं. त्याला बरंच काही बोलायचं होतं, पण कागदावर शब्द एकच होता. त्याने सिस्टरकडे पाहिलं, परवानगी मागावी तसं. ती मुद्दाम वजनकाटा पुसत बसली.

"पाना कितीचा?" थोरल्याने विचारलं.

"तेराचा," धाकटा म्हणाला, आणि पायरीकडे परत जाऊन बसला.